प्रकल्प नोंदी: एक फ्लँज, चार वाटा – उत्पादन प्रक्रियांचा तुलना-तक्ता

6 जानेवारी 2025

यांत्रिकी पदविकेच्या तिसऱ्या वर्षासाठी आमच्या चौघांच्या गटाने ओतकाम, फोर्जिंग, वेल्डिंग आणि मशीनिंग या प्रक्रियांचा तुलना-तक्ता हा विषय घेतला आहे. पाठ्यपुस्तकावरून आम्ही पहिला मसुदा दोन तासांत तयार केला. ओतकामासमोर "गुंतागुंतीचे आकार शक्य", मशीनिंगसमोर "अचूकता जास्त, माल वाया जातो" आणि वेल्डिंगसमोर "जोड कायमचा, पण ताण राहतो" अशी वाक्ये भरली. मार्गदर्शक सरांनी कागद वाचून एकच प्रश्न विचारला: "हा तक्ता पाहून उद्या एखाद्या कारखानदाराला काही ठरवता येईल का?" त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

मसुद्यात दोन दोष होते. पहिला असा की कोणत्याही प्रक्रियेचा गुण नगाच्या आकारावर, मालावर आणि संख्येवर ठरतो, आणि आमच्या तक्त्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती. दुसरा दोष अधिक मूलभूत होता. आम्ही मशीनिंगला इतर तिघांचा प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले होते, पण ओतलेला, घडवलेला किंवा वेल्ड केलेला नगही अखेर लेथवर येतोच. म्हणून एकच नग घ्यायचा, तो चारही वाटांनी कसा होईल ते तपासायचे आणि तक्ता त्या नगाचा करायचा, असे आज ठरले.

9 जानेवारी

नग ठरला: दोन शाफ्ट जोडणाऱ्या फ्लँज कपलिंगचा एक अर्धा भाग. चकतीचा व्यास 150 मिमी, जाडी 20 मिमी. तिच्या मागे 70 मिमी व्यासाचा आणि 50 मिमी लांबीचा हब. आरपार 35 मिमीचे बोअर आणि बोल्टसाठी 12 मिमीची चार छिद्रे. बोअरला एच 7 ची मर्यादा आहे, म्हणजे व्यास 35.000 ते 35.025 मिमीच्या दरम्यान हवा. चावीची खाच हिशोबात धरलेली नाही, कारण ती चारही वाटांना सारखीच आहे.

आधी आकारमान काढले. चकती 353.4, हब 192.4, त्यातून बोअरचे 67.3 आणि छिद्रांचे 9 वजा केले की सुमारे 469.5 घन सेंटीमीटर उरतात. पोलादात हा तयार नग 3.69 किलो भरतो आणि बिडात 3.38 किलो.

सर्वांत सरळ वाट म्हणजे गोल बारमधून संपूर्ण नग कातून काढणे. त्यासाठी 160 मिमी व्यासाचा, दोन्ही तोंडे साफ करण्याची जागा धरून 75 मिमी लांबीचा तुकडा लागतो. त्याचे वजन 11.84 किलो येते. म्हणजे 8.15 किलो, जवळपास 69 टक्के माल चिपच्या रूपाने खाली पडतो. "माल वाया जातो" हे वाक्य आम्ही दोन वर्षे लिहीत आलो, पण तयार नगाच्या दुपटीहून अधिक पोलाद कचऱ्याच्या ट्रेमध्ये जाते हे वजन काढल्यावरच समजले. एवढे मोठे प्रमाण येण्याचे कारण हा आकारच आहे. हबच्या 50 मिमी लांबीत व्यास 160 वरून 70 वर आणावा लागतो आणि बहुतेक माल तिथेच जातो. हाच नग जर साधी बुशिंग असता तर बारमधून कातणे मुळीच उधळपट्टीचे ठरले नसते.

16 जानेवारी

आम्ही कोल्हापुरात शिकतो, त्यामुळे ओतकाम पाहायला लांब जावे लागले नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या आहेत आणि त्यांतल्या एका लहान फाउंड्रीने दोन नग ओतून देण्याचे मान्य केले. माल एफजी 200 दर्जाचे करडे बीड.

लाकडी पॅटर्न आमच्या चित्रावरून झाला. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकुंचन पावते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. कातायच्या पृष्ठभागांवर प्रत्येकी 3 मिमी माल जास्त ठेवला आणि हबचा बाहेरचा पृष्ठभाग ओतीव अवस्थेतच ठेवायचे ठरवले. बोअरसाठी 29 मिमीचा वाळूचा कोअर बसवला.

साच्यात नग कोणत्या बाजूने बसवावा यावर फाउंड्रीतल्या मोल्डरकाकांशी बोलणे झाले. फ्लँजचे पुढचे तोंड दुसऱ्या अर्ध्या भागाला टेकते, म्हणून ते निर्दोष हवे, असा आमचा आग्रह होता. ओततेवेळी मळी आणि वाळूचे सुटे कण वर तरंगतात, त्यामुळे साच्याच्या खालच्या पेटीतला पृष्ठभाग नेहमी अधिक स्वच्छ येतो. म्हणून आम्ही चकती खाली आणि हब वर असे मागितले, आणि रायझर, म्हणजे गोठताना नगाला रस पुरवणारा वितळलेल्या धातूचा साठा, हबच्या डोक्यावर ठेवायला सांगितला. काका म्हणाले, "बाळांनो, जाड भाग खाली आणि पातळ भाग वर ठेवलात, तर जाडाला रस पोचवणार कोण?" त्यांचा मुद्दा आम्हाला तेव्हा पुरेसा उमगला नाही. त्यांनी एक नग आमच्या म्हणण्याप्रमाणे आणि दुसरा त्यांच्या पद्धतीने ओतावा, असे ठरले.

त्यांच्या पद्धतीत हब खालच्या पेटीत आणि चकती वर, तर रायझर चकतीच्या कडेला. वरच्या तोंडावर मळी जमेल हे गृहीत धरून तिथे 3 ऐवजी 5 मिमी माल ठेवायचा. त्यामुळे ओतीव नगाचे वजन 4.60 वरून 4.87 किलोपर्यंत जाते.

23 जानेवारी

आजची नोंद मोठी आहे, कारण प्रकल्पाला कलाटणी देणारी गोष्ट आज घडली.

दोन्ही नग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर घेतले. ओतीव नगाची वरची साल कठीण असते आणि तिच्यात वाळूचे कण रुतलेले असतात. पहिला छेद अर्ध्या मिलिमीटरचा घेतला तर टूलचे टोक त्या सालीतच घासत राहते आणि काही मिनिटांत बोथट होते. म्हणून पहिला छेद सालीच्या खाली जाईल असा, दोन मिलिमीटर खोलीचा घेतला. बिडाची चिप पोलादासारखी लांब वेटोळी न होता तुकड्यातुकड्याने पडते आणि काळी भुकटी उडते. त्या भुकटीसाठी लेथच्या बेडवर कापड झाकून ठेवावे लागले.

आमच्या पद्धतीने ओतलेल्या नगाचे पुढचे तोंड खरोखर स्वच्छ निघाले. मात्र बोअरिंग करताना चकती आणि हब जिथे एकत्र येतात त्या भागात टूलचा आवाज बदलला आणि बोअरच्या भिंतीत सुमारे 6 मिमी लांबीची एक पोकळी उघडी पडली. नग तिथेच बाद झाला. तोवर त्याच्यावर जवळपास पाऊण तास काम झालेले होते.

ही पोकळी वायूची की आकुंचनाची हे आधी ठरवणे आवश्यक होते, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. वायूमुळे झालेल्या पोकळीचा आकार गोलसर आणि आतील भिंत गुळगुळीत असते; वाळूत ओल जास्त असेल किंवा कोअर नीट भाजलेला नसेल तर ती होते. आकुंचनाची पोकळी मात्र वेडीवाकडी आणि खरबरीत असते, आणि भिंगातून पाहिल्यास तिच्या भिंतीवर फांद्यांसारखे स्फटिक दिसतात. आम्ही नग अक्षातून उभा कापला. आतली पोकळी खरबरीत आणि फांद्याफांद्यांची होती. म्हणजे दोष वाळूचा नव्हता, रस न पोचल्याचा होता.

कारण आकृतीवर तपासले. ओतीव नगात हबच्या भिंतीची जाडी 20.5 मिमी आणि चकतीची 26 मिमी आहे. दोन्ही भाग मिळतात त्या कोपऱ्यात मावणारे सर्वांत मोठे वर्तुळ काढले, तेव्हा त्याचा व्यास सुमारे 28 मिमी आला. कोपऱ्याला गोलाई दिली की तो आणखी वाढतो. शिवाय आतला कोअर सभोवताली तप्त धातूने वेढलेला असतो, त्यामुळे त्या बाजूने उष्णता बाहेर जायला वाव कमी राहतो. अर्थात हबची भिंत आधी गोठते आणि कोपरा नंतर. रायझर हबच्या डोक्यावर असल्याने कोपऱ्याकडे जाणारा रसाचा मार्ग हबच्या भिंतीतूनच होता, आणि तो मार्ग कोपरा द्रव असतानाच बंद झाला. करड्या बिडात गोठताना ग्राफाइट वेगळे होऊन फुगते, त्यामुळे बरीच भरपाई आपोआप होते. पण इथे ती पुरली नाही.

मोल्डरकाकांच्या पद्धतीत जाड भाग रायझरच्या शेजारी असतो. गोठण्याची क्रिया हबच्या टोकापासून सुरू होऊन चकतीकडे आणि शेवटी रायझरमध्ये संपते. त्यांचा नग कातल्यावर बोअर निर्दोष निघाले. पुढच्या तोंडावर दोन मिलिमीटरपर्यंत मळीचे ठिपके आढळले, परंतु ते ठेवलेल्या 5 मिमीमध्येच संपले.

तक्त्यात "ओतकामात आतील दोष संभवतात" एवढेच लिहिणे आता आम्हाला पुरेसे वाटत नाही. दोष कुठे येईल हे चित्रावरच बऱ्याच अंशी कळू शकते, आणि स्वच्छ तोंड व भरीव कोपरा यांपैकी कशाला झुकते माप द्यायचे हा निर्णय चित्र काढणाऱ्यालाच घ्यावा लागतो. तो आम्ही चुकीचा घेतला होता. दोष बाहेरून दिसत नाही आणि मशीनिंगचा खर्च झाल्यावरच उघड होतो, ही ओतकामाची खरी मर्यादा आम्ही नोंदवली.

31 जानेवारी

वेल्डिंगची वाट. 25 मिमी जाडीच्या सौम्य पोलादी प्लेटमधून गॅस कटिंगने 160 मिमीची चकती कापली, मध्ये छिद्र पाडले आणि 75 मिमी व्यासाचा, 75 मिमी लांबीचा बार तिच्यातून आरपार बसवला. हब चकतीवर नुसता टेकवून भोवती वेल्ड मारता आला असता, पण तेव्हा सर्व टॉर्क त्या एका वेल्डमधूनच गेला असता. आरपार बसवल्याने दोन्ही बाजूंनी वेल्ड मिळतो. चकती आणि बार मिळून माल 6.55 किलो लागला.

चार ठिकाणी टॅक मारून हबच्या बाजूला 8 मिमीचा फिलेट वेल्ड घातला. कमी हायड्रोजनचे ई 7018 इलेक्ट्रोड वापरले आणि ते आधी ओव्हनमध्ये भाजून घेतले, कारण त्यांच्या आवरणातली ओल वेल्डमध्ये हायड्रोजन सोडते. वेल्ड थंड झाल्यावर चकतीच्या कडेवर डायल गेज फिरवले तेव्हा कड हबच्या बाजूला 0.45 मिमी झुकलेली आढळली. वेल्डचा धातू आकसताना चकतीला आपल्याकडे ओढतो आणि ती किंचित बशीसारखी होते. पुढच्या बाजूचा वेल्ड मारल्यावर ती थोडी परत आली, पण पूर्ण सपाट झाली नाही. प्रत्येक तोंडावर अडीच मिलिमीटर माल राखलेला असल्यामुळे हा वाक कातून निघाला.

कातून न निघणारी गोष्ट म्हणजे आत राहिलेला ताण. तोंड कातल्यानंतर पुढच्या तोंडाचा रनआउट, म्हणजे नग फिरवताना तोंडाचे पुढे-मागे होणे, 0.03 मिमी होता. चकमधून सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला तर तो 0.09 मिमी झाला. वरचा थर निघाल्यावर उरलेला ताण नव्याने विभागला जातो आणि नग हलतो. म्हणून अशा नगाला मशीनिंगच्या आधी 600 ते 650 अंश सेल्सियसवर, दर 25 मिमी जाडीला सुमारे तास या मापाने, ताणमुक्त करणे आवश्यक ठरते, आणि हा खर्च वेल्डिंगच्याच नावे मांडला पाहिजे.

आणखी एक बाब इथे स्पष्ट झाली. बारमधून कातताना आम्ही ईएन 8 पोलाद वापरण्याचा विचार केला होता. त्यात कार्बन 0.4 टक्क्यांच्या आसपास असतो आणि पुरेसे पूर्वतापन न करता वेल्ड केल्यास वेल्डशेजारचा भाग कठीण होऊन तडकण्याचा धोका राहतो. त्यामुळे वेल्डिंगची वाट धरताच आम्हाला सौम्य पोलादाकडे यावे लागले. तसेच ओतकाम स्वीकारले की बीड आले, आणि बीड दाबात बळकट असले तरी ताणात व धक्क्यात ठिसूळ. प्रक्रियेबरोबर मालही ठरत जातो, हा मुद्दा पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात कुठे बसवावा हेच कळत नव्हते. आता मालाची वेगळी ओळ केली आहे.

8 फेब्रुवारी

फोर्जिंगसाठी डाय करून घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यामुळे या वाटेचा हिशोब कागदावर आणि पुरावा दुसऱ्या नगावर घेतला. फोर्जिंगमध्ये बोअर भरीव राहते आणि डायमधून नग सुटण्यासाठी हबला उतार द्यावा लागतो. फ्लॅश, म्हणजे डायच्या फटीतून कडेने बाहेर येणारा माल, आणि भट्टीतली पापुद्र्याची झीज धरून सुमारे 6.5 किलोचा बिलेट लागेल. 80 मिमी व्यासाचा बार घेतला तर त्याची लांबी 165 मिमी येते, म्हणजे व्यासाच्या दुपटीच्या आसपास. आधाराविना उभा बार ठेचताना ही लांबी व्यासाच्या अडीच-तीन पटींच्या पुढे गेली तर बार फुगण्याऐवजी वाकतो. आपला बिलेट त्या मर्यादेत बसतो.

पुराव्यासाठी फोर्ज केलेल्या डोक्याचा एक 20 मिमीचा बोल्ट आणि षट्कोनी बारमधून कातलेला दुसरा बोल्ट उभे कापले, पृष्ठभाग घासून घेतला आणि सरांच्या देखरेखीखाली, फ्यूम हूडमध्ये, निम्मे पाणी व निम्मे हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या गरम द्रावणात वीस मिनिटे ठेवले. कातलेल्या बोल्टमध्ये रेषा सरळ डोक्यापर्यंत जाऊन कडेला तुटतात. फोर्ज केलेल्यात त्याच रेषा मानेपाशी वळून डोक्यात पसरतात. या रेषा म्हणजे रोलिंगमध्ये लांबट झालेले अशुद्धींचे धागे. त्यांच्या दिशेने पोलाद अधिक चिवट असते आणि आडवे कमी. आमच्या बारमधून कातलेल्या फ्लँजमध्ये हे धागे अक्षाला समांतर राहून चकतीच्या तोंडावर तुटलेले असणार. वारंवार धक्के सोसणाऱ्या नगासाठी फोर्जिंगला जास्त पैसे का मोजतात, हे या दोन तुकड्यांकडे पाहून पटले.

17 फेब्रुवारी

आज खर्चाची तुलना केली. दर आम्ही हिशोबासाठी गृहीत धरले आहेत: पोलाद किलोला 75 रुपये, ओतीव बीड 110, लेथचा तास 400, पॅटर्न व कोअर बॉक्स मिळून 12,000 आणि फोर्जिंगची डाय 1,20,000. दर बदलले की आकडे बदलतील, पण मांडणी तीच राहील.

| वाट | लागणारा माल, किलो | लेथ, तास | एका नगाचा खर्च, रुपये | सुरुवातीचा खर्च, रुपये |
|---|---|---|---|---|
| बारमधून कातणे | 11.84 | 1.5 | 1,488 | नाही |
| वेल्डिंग | 6.55 | 1 | 1,201 | नाही |
| ओतकाम | 4.87 | 0.75 | 836 | 12,000 |
| फोर्जिंग | 6.5 | 1 | 1,050 | 1,20,000 |

वेल्डिंगच्या रकमेत कटिंग व वेल्डिंगचे 250 आणि ताणमुक्तीचे 60 रुपये आहेत. फोर्जिंगमध्ये किलोमागे 25 रुपये घडणावळ धरली आहे.

सुरुवातीला आम्ही ओतकामाची तुलना बारशी केली आणि 19 नगांपासून ओतकाम स्वस्त, असे लिहून ठेवले. ते गणित बरोबर असूनही निष्कर्ष चुकीचा होता, कारण पहिल्याच नगापासून वेल्डिंग बारपेक्षा स्वस्त आहे. खरी तुलना वेल्डिंगशी करायला हवी. पॅटर्नचे 12,000 रुपये नगामागच्या 365 रुपयांच्या फरकाने भागले की 32.9 येतात, म्हणजे 33व्या नगापासून ओतकाम पुढे जाते. वीसपैकी एक ओतीव नग 23 जानेवारीसारखा मशीनिंगनंतर बाद झाला असे धरले तर चांगल्या नगाचा खर्च 880 होतो आणि ही सीमा 38 नगांवर सरकते.

फोर्जिंग वेल्डिंगला 795 नगांवर गाठते, मात्र ओतकामाला ते कधीच गाठत नाही, कारण त्याचा एका नगाचा खर्चही जास्त आणि सुरुवातीचा खर्चही जास्त. म्हणून फोर्जिंगच्या रकान्यात आम्ही नगांची संख्या न लिहिता नगावर येणारा भार लिहिला: जिथे बीड चालणार नाही आणि वेल्डवर भरवसा ठेवायचा नाही, तिथेच ही वाट.

बारमधून कातण्याच्या वाटेला या हिशोबात कुठेच पहिला क्रमांक मिळत नाही. तरीही ती तक्त्यात ठेवली आहे. बंद पडलेल्या यंत्राला आज संध्याकाळपर्यंत एक फ्लँज हवा असेल, तर वेल्ड करून, ताणमुक्त करून, मग कातत बसण्याइतका वेळ नसतो. शिवाय आकार पहिल्याच प्रयत्नात आणि आतल्या पोकळीची भीती न बाळगता मिळतो.

24 फेब्रुवारी

तक्ता पूर्ण झाला. उभ्या रकान्यांत चार वाटा आणि आडव्या ओळींत क्रमाने माल, कच्चे वजन, लेथवरचे काम, दोष कुठे येतो व कसा ओळखतात, आणि किती नगांसाठी ती वाट घ्यावी. "गुण" व "मर्यादा" या शीर्षकांच्या ओळी आम्ही काढून टाकल्या, कारण या पाच ओळींत दोन्ही आपोआप येतात. मशीनिंगची ओळ चारही रकान्यांतून सलग जाते, तुटत नाही.

तक्त्याखाली लाकडी फळीवर चार वस्तू बसवल्या आहेत: आम्लात ठेवलेले दोन अर्धे बोल्ट, वेल्ड केलेला फ्लँज आणि अक्षातून कापलेला बिडाचा बाद नग, ज्याच्या कोपऱ्यातल्या पोकळीभोवती पिवळ्या रंगाने वर्तुळ काढले आहे. मोल्डरकाकांनी ओतलेला चांगला नग फाउंड्रीला परत दिला.